डाव्या कुशीतलं धुकं

बाई व्हीलचेअरवरून आल्या तेव्हा त्यांचा डावा हात बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या डाव्या कडेला दाबून धरलेला होता. वय 72. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. बरोबर मुलगा, त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आणि वर डॉक्टरांची चिठ्ठी : 'डाव्या बाजूचा मुतखडा? साधा सीटी.' दुखणं चार दिवसांचं. पहिल्या दिवशी ओवा-हिंग झालं, दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही म्हणून एरंडेल झालं, तिसऱ्या दिवशी गरम पाण्याची पिशवी. चौथ्या दिवशी गाडीत बसताना रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला त्या कळवळल्या, तेव्हा मुलगा घाबरला.

"वात धरलाय हो डॉक्टर, दुसरं काय असणार," बाई म्हणाल्या.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. रुग्णाशी माझी भेट पाच-दहा मिनिटांची असते, पण त्यातही एक-दोन प्रश्न विचारून घेते, कारण उत्तरांवरून स्कॅन कसा करायचा ते ठरतं. बाईंना विचारलं, दुखणं येतं-जातं की सारखं आहे? सारखं आहे, म्हणाल्या. मुतखड्याचं दुखणं लाटांनी येतं आणि माणूस तळमळतो, एका जागी बसू शकत नाही. बाई मात्र हलायलाच तयार नव्हत्या. गचका बसला की दुखणारं पोट म्हणजे आतल्या अस्तराला कुठेतरी दाह झालेला आहे, असा अंदाज बांधता येतो. दुसरा प्रश्न गोळ्यांचा. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी रोज चालू होती, कित्येक वर्षं. ताप? "नाही, ताप अजिबात नाही," मुलगा ठामपणे म्हणाला. रोज ती गोळी घेणाऱ्या बहात्तर वर्षांच्या बाईला ताप नाही, यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. ही गोळी ताप उतरवते. शिवाय म्हातारपणी शरीर जंतुसंसर्गाला तितक्या जोरात उत्तर देत नाही. बाईंच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी 10,200, म्हणजे जवळजवळ नेहमीइतक्याच होत्या. एकच आकडा बोलत होता : सीआरपी 168. दाह मोजणारी ही रक्ततपासणी निरोगी माणसात दहाच्या आत असते.

मी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. साध्या सीटीत खडा उत्तम दिसतो, पण आतड्याच्या भिंतीत रक्तपुरवठा किती वाढलाय, शेजारी पू साठलाय का, हे नीट कळायला शिरेतून आयोडीनचं औषध द्यावं लागतं. लोक त्याला 'डाय' म्हणतात, आम्ही कॉन्ट्रास्ट. बाईंचं क्रिएटिनिन 0.9 होतं, मूत्रपिंडं ठीक होती, आयोडीनची अॅलर्जी नव्हती. डॉक्टरांनी लगेच होकार दिला. चिठ्ठी बदलली.

पुढचं सगळं समजायला आधी आतड्याच्या भिंतीकडे बघायला हवं.

मोठं आतडं उजव्या कुशीत सुरू होतं, वर यकृताखाली जातं, आडवं होऊन डावीकडे येतं, तिथून खाली उतरतं आणि गुदाशयाला मिळण्याआधी इंग्रजी 'एस' अक्षरासारखं वळण घेतं. या वळणाला सिग्मॉइड म्हणतात. ते डाव्या ओटीपोटात असतं आणि मोठ्या आतड्यातला हा सगळ्यात अरुंद भाग. मळ इथे घट्ट झालेला असतो, त्यामुळे तो पुढे ढकलायला स्नायूंना जोर करावा लागतो आणि आतला दाब इथे सगळ्यात जास्त चढतो. आता आतड्याच्या भिंतीला रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून स्नायूचा थर भेदून आत शिरतात. जिथे त्या शिरतात तिथे स्नायूत नैसर्गिक फट असते. वर्षानुवर्षं दाब पडत राहिला, वयामुळे भिंत सैल झाली, की आतलं नाजूक अस्तर त्या फटीतून बाहेर फुगतं. जुन्या सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते, तसं. या फुगवट्याला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. आकाराने तो साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत. त्याच्या भिंतीत स्नायू जवळजवळ नसतोच, नुसतं अस्तर. गुदाशयाला स्नायूचं सलग वेष्टण असतं, म्हणून तिथे हे फुगवटे सहसा होत नाहीत.

असे फुगवटे असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. युरोप-अमेरिकेत साठीपुढच्या निम्म्याच्या आसपास लोकांत ते सापडतात. आपल्याकडे प्रमाण त्या मानाने कमी, पण वयाबरोबर ते इथेही वाढतं. बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा काहीही त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीच्या रिपोर्टात हा शब्द दिसतो आणि घरात घबराट पसरते, असं मी अनेकदा पाहिलंय. शेवटी 'लोसिस' असेल तर ती आतड्याची ठेवण झाली. शेवटी 'लायटिस' असेल तर तो दाह, आणि तो आजार. एखाद्या फुगवट्याच्या तोंडाशी अडथळा झाला, पातळ अस्तर झिजलं, त्याला सूक्ष्म छिद्र पडलं आणि आतले जंतू बाहेरच्या चरबीत शिरले की डायव्हर्टिक्युलायटिस सुरू होतो. फुगवटे असलेल्या शंभर माणसांपैकी पाचांनासुद्धा तो होत नाही.

बाईंना टेबलावर झोपवलं. सुईतून औषध गेलं की अंगभर गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर वयस्क माणसं घाबरून हलतात आणि चित्र बिघडतं. औषध दिल्यावर साधारण 70 सेकंद थांबतो, तोवर ते आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात पुरेसं पोचलेलं असतं. मग श्वास रोखायचा आणि काही सेकंदांत छातीच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंतचा स्कॅन पुरा होतो. यात मिळणारा किरणोत्सर्ग निसर्गतः तीन-चार वर्षांत आपल्याला मिळतो साधारण तितका. बहात्तराव्या वर्षी, चार दिवस दुखणाऱ्या पोटासाठी, हा सौदा करायलाच हवा.

पडद्यावर चित्रं आली की मी आधी आतडं बघत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाच्या डाव्या कुशीत दुखत असेल तर पहिली नजर महाधमनीवर. पोटातली ही मुख्य रक्तवाहिनी फुगून झिरपायला लागली तर दुखणं हुबेहूब मुतखड्यासारखं किंवा आतड्यासारखं वाटू शकतं, आणि तिथे तास नव्हे तर मिनिटं मोजावी लागतात. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटीमीटर असते, तीनच्या वर गेली तर ती फुगलेली. बाईंची एक पॉइंट नऊ. मग डावं मूत्रपिंड आणि त्यातून उतरणारी मूत्रवाहिनी : कुठे खडा नाही, कुठे तुंबलेलं नाही. मगच मी सिग्मॉइडकडे गेले.

आणि इथे, सगळ्यात आधी, चरबीकडे.

पोटातल्या चरबीला कोणी चांगलं म्हणत नाही, पण सीटी वाचणाऱ्याला तीच वाट दाखवते. सीटी म्हणजे शरीराच्या प्रत्येक कणाने किती क्ष-किरण अडवले त्याचा आकडा. या आकड्यांना सीटीचा शोध लावणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्डचं नाव आहे. त्याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन 1971 साली झाला आणि 1979 मध्ये त्याला अॅलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, स्नायू अधिक पन्नासच्या जवळपास. पडद्यावर हवा काळीकुट्ट, चरबी गडद करडी आणि एकसारखी स्वच्छ, आतड्याची भिंत फिकट करडी दिसते. निरोगी पोटात आतड्याभोवतीची चरबी निरभ्र रात्रीसारखी असते. दाह झाला की त्या चरबीत पाणी झिरपतं, रक्तवाहिन्या फुगतात, आणि त्या निरभ्र जागेत पांढुरक्या रेघा आणि पुंजके उमटतात. घाटात पहाटे धुकं उतरतं तसं. आमच्या भाषेत त्याला 'फॅट स्ट्रँडिंग' म्हणतात. अनुभवी डोळा पडद्यावरून भरभर खाली जाताना आधी हे धुकं कुठे आहे ते पकडतो आणि मग त्याच्या मध्यभागी काय आहे ते शोधतो.

बाईंच्या डाव्या ओटीपोटात धुकं दाट होतं. त्याच्या मध्यभागी सिग्मॉइडचा सुमारे बारा सेंटीमीटरचा तुकडा, भिंत नऊ मिलिमीटर जाड. निरोगी आतडं फुगलेलं असताना ही भिंत तीन मिलिमीटरच्या आत असते. त्या तुकड्यावर ओळीने फुगवटे, हवेने भरलेले छोटे काळे ठिपके. त्यातला एक सुजून जाड कडेचा झालेला, आणि धुकं नेमकं त्याच्याभोवती सगळ्यात गर्द. आतड्याला लटकणाऱ्या पडद्याच्या मुळाशी थोडं पाणी साचलेलं, स्वल्पविरामासारख्या आकारात.

इथवर रोगाचं नाव ठरलं. पण रुग्णालयातल्या डॉक्टरांना नावापेक्षा पुढचं हवं असतं : तो फुटलाय का? पू साठलाय का? शेजारच्या अवयवात वाट झालीय का? यासाठी मी पडद्याची छटा बदलते. फुप्फुसं बघायची जी छटा असते तिच्यात चरबी आणि हवा यांतला फरक ठळक होतो. नेहमीच्या छटेत गडद करड्या चरबीत लपलेला मोहरीएवढा हवेचा बुडबुडा तिथे स्पष्ट उठून दिसतो. बाईंच्या सुजलेल्या फुगवट्याशेजारी, आतड्याच्या बाहेर, असे तीन बुडबुडे होते. आतड्याबाहेर हवा म्हणजे भिंतीला छिद्र. यकृताच्या वर, पोटाच्या पोकळीत मोकळी हवा मात्र कुठेही नव्हती, म्हणजे छिद्र जागच्या जागी झाकलं गेलं होतं. त्याच्या खाली दोन सेंटीमीटरचा, सुपारीएवढा पाण्याचा साठा, कडा औषधाने उजळलेली : पुवाचा छोटा गळू. मूत्राशयात हवा नव्हती. ती दिसली असती तर आतडं आणि मूत्राशय यांच्यात भगदाड पडलंय असं समजलं असतं. अशा रुग्णांना लघवीतून बुडबुडे जातात आणि संसर्ग वरचेवर होतो, आणि लाजेपोटी ते कित्येक महिने कुणाला सांगत नाहीत.

या आजाराची पायरी ठरवायला जगभर जी मोजपट्टी वापरतात ती मॉन्ट्रियलच्या हिंची या शल्यचिकित्सकाने 1978 मध्ये मांडली. पहिली पायरी म्हणजे आतड्यालगतचा गळू, दुसरी ओटीपोटात दूर साठलेला पू, तिसरी पोटभर पसरलेला पू, चौथी पोटात पसरलेला मळ. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेकदा ऑपरेशन टळतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पोट उघडावं किंवा दुर्बिणीतून धुवावं लागतं, आणि अनेकदा आतड्याचा तो तुकडा काढून वरचं टोक काही महिने पोटावर आणावं लागतं. बाई पहिल्या पायरीवर होत्या. मी फोन उचलून रिपोर्ट तोंडी सांगितला, कारण टाइप होऊन सही होईपर्यंतचा वेळ अशा रुग्णाचा नसतो.

बाईंना दाखल करून घेतलं. सलाईन, शिरेतून प्रतिजैविकं, दोन दिवस फक्त पातळ पदार्थ. गळू तीन-चार सेंटीमीटरपेक्षा मोठा असता तर सीटीवर बघत त्वचेतून सुई घालून नळी ठेवली असती. सुपारीएवढ्याला औषधं पुरतात. गुडघ्याची ती गोळी बंद केली. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणाऱ्यांत डायव्हर्टिक्युला फुटण्याचा आणि त्यातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे. स्टिरॉइडचा धोका त्याहून मोठा, कारण ती दुखणंही दाबतात आणि छिद्रही पाडतात. तिसऱ्या दिवशी सीआरपी सत्तरवर आला, पोट मऊ झालं. सहाव्या दिवशी बाई तोंडाने घ्यायच्या औषधांवर घरी गेल्या.

गळू नाही, छिद्र नाही, प्रकृती भक्कम, अशा साध्या डायव्हर्टिक्युलायटिसला प्रतिजैविकं लागतातच असं आता मानत नाहीत. स्वीडनमधल्या 2012 च्या आणि नेदरलँड्समधल्या 2017 च्या चाचण्यांत ती न देताही रुग्ण तितकेच बरे झाले. पण हा निर्णय सीटी बघूनच घेता येतो, आणि वय खूप असेल, मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर औषध देण्याकडेच झुकतात. बाईंसारख्या गळू असलेल्या रुग्णाला हा नियम लागू नाही.

सीटीही काही वेळा चकवतो. शंभर रुग्णांपैकी पंच्याण्णवच्या आसपास रुग्णांत तो हा आजार बरोबर पकडतो, पण अगदी कृश म्हाताऱ्या माणसाच्या पोटात चरबीच नसते, मग धुकं उमटायला जागाच उरत नाही. तिथे भिंतीची जाडी आणि बुडबुडे यांवरच भागवावं लागतं. आतड्याला लोंबणारी चरबीची छोटी लोंबं पिळवटली तर तीही अशीच दुखतात, आणि सीटीवर फुगवट्याऐवजी अंडाकृती चरबीचा डाग दिसतो. त्याला फक्त वेदनाशामक पुरतं. रक्तपुरवठा कमी पडून सुजलेलं आतडंही जाड दिसतं, पण त्यात भिंतीचा पट्टा लांब असतो आणि सोबत बहुधा शौचातून रक्त जातं.

सगळ्यात मोठी चकवणारी गोष्ट कर्करोगाची. सिग्मॉइडचा कर्करोगही भिंत जाड करतो, फुटतो, धुकं पाडतो. काही खुणा मदत करतात. जाड तुकडा दहा सेंटीमीटरपेक्षा लांब, हळूहळू जाड होत गेलेला, त्यात फुगवटे शाबूत आणि भिंतीच्या मानाने धुकं जास्त, तर दाहाची शक्यता जास्त. तुकडा आखूड, दोन्ही टोकांना खांद्यासारखी अचानक कड आलेली, फुगवटे नाहीसे झालेले, शेजारच्या गाठी वाढलेल्या, तर कर्करोगाची. बाईंच्या स्कॅनमध्ये पहिल्या प्रकारच्या खुणा होत्या. तरीही मी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं : दाह शमल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करावी. सुजलेल्या भिंतीच्या आत काय दडलंय हे चित्रावरून पूर्ण खात्रीने सांगता येत नाही, आणि गळू किंवा छिद्र असलेल्या रुग्णांत कर्करोग निघण्याचं प्रमाण साध्या डायव्हर्टिक्युलायटिसपेक्षा जास्त असतं. सूज असतानाच दुर्बीण घातली तर झाकलेलं छिद्र उघडू शकतं, म्हणून तेवढं थांबायचं.

घरी जाताना मुलाने एकच प्रश्न विचारला. पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ, सगळं बंद करू का? बिया फुगवट्यात अडकतात असं कुणीतरी सांगितलं होतं. ही समजूत डॉक्टरांतही अनेक वर्षं होती. अमेरिकेत 47,000 हून अधिक पुरुषांचा 18 वर्षं मागोवा घेऊन 2008 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शेंगदाण्यासारखे दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा आजार वाढलेला आढळला नाही. चोथा कमी खाल्ल्याने फुगवटे होतात, हा पेंटर आणि बर्किट या दोन डॉक्टरांनी 1971 मध्ये मांडलेला विचारही पुढे पूर्णपणे टिकला नाही. फुगवटे होण्यात वय आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा दिसतो. पण चोथ्याचा आहार घेणाऱ्यांत दाह कमी होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तेव्हा आजार शमल्यावर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू सगळं खाऊ द्या, असं मी सांगितलं. एरंडेल मात्र नको. दुखत असलेल्या, आत छिद्र पडलेल्या आतड्याला जोराने पिळणारं औषध देणं धोक्याचं, आणि दुखतंय कशामुळे हे घरात बसून कळत नाही.

बाई सातव्या आठवड्यात कोलोनोस्कोपीला आल्या. आत फुगवटे होते, सूज पूर्ण गेली होती, कर्करोग नव्हता. आल्या हे महत्त्वाचं, कारण बरं वाटलं की ही तारीख विसरली जाते. फोन नंबर बदललेला असतो, मुलगा परगावी असतो, 'आता दुखत नाही ना, मग कशाला दुर्बीण' असं घरात ठरतं. वर्षभराने तेच आतडं अडून रुग्ण परत येतो, आणि मला जुना सीटी उघडून माझीच शेवटची ओळ वाचावी लागते. ही वेळ माझ्यावर एकापेक्षा जास्त वेळा आली आहे.

म्हणून घरात साठीपुढचं कुणी असेल आणि डाव्या ओटीपोटात दिवसभर एकाच जागी दुखत राहिलं, गाडीच्या गचक्याने दुखणं वाढलं, तर ताप नाही म्हणून थांबू नका. रोज चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आणि डायव्हर्टिक्युलायटिसमधून बरं होऊन घरी जाताना कोलोनोस्कोपीची तारीख विचारून फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.